खुलासा आणि घटना अहवाल: एकाच चुकीचे दोन कागद

वॉर्डात औषध देताना चूक झाली की इन्चार्ज सिस्टरकडून किंवा मेट्रन ऑफिसमधून पहिला निरोप येतो, "लेखी द्या." हे "लेखी" म्हणजे नेमकं काय, यावर मुंबईतल्या बऱ्याच हॉस्पिटलांत अजून गोंधळ आहे. काहींना त्यात खुलासा हवा असतो, म्हणजे मेमोला दिलेलं उत्तर. काहींना घटना अहवाल हवा असतो. छापील फॉर्म बहुतेक ठिकाणी असतो, पण त्यावर अहवालाचं शीर्षक असलं तरी आत उतरतो तो खुलासाच. दोन्हींत तारीख असते, वेळ असते, रुग्णाचा नोंदणी क्रमांक असतो आणि खाली सही असते, त्यामुळे लांबून फरक कळत नाही.

फरक दाखवायला एक प्रसंग घेते. तो उदाहरणासाठी रचलेला आहे, पण इन्सुलिन देणाऱ्या कोणत्याही सिस्टरला तो ओळखीचा वाटेल.

आपल्याकडे इन्सुलिनच्या वायली दोन ताकदींच्या मिळतात. एकीत दर मिलीलिटरला ४० युनिट, दुसरीत १००. दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या आहेत. ४० वाल्या इन्सुलिनची सिरिंज लाल टोपीची, १०० वाल्याची केशरी टोपीची. सिरिंजवरचे आकडे मिलीलिटर दाखवत नाहीत, युनिट दाखवतात, आणि तेही त्या त्या ताकदीचं इन्सुलिन भरलं तरच खरे. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १२ च्या खुणेपर्यंत भरलं तर आत ०.३ मिली येतं. इन्सुलिन ४० चं असेल तर हे १२ युनिट. तेच १०० चं असेल तर ३० युनिट. खूण बरोबर, डोस अडीचपट.

मेडिसिनच्या वॉर्डात संध्याकाळी रेग्युलर इन्सुलिन संपलं होतं. फार्मसीकडे इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, गेला आणि वायल आली. रात्रीच्या जेवणाआधी एका रुग्णाला १२ युनिट द्यायचे होते. सिस्टरने लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १२ पर्यंत भरलं, दुसऱ्या सिस्टरने तपासलं, त्वचेखाली दिलं. दीडेक तासाने रुग्णाला दरदरून घाम फुटला. एचजीटी, म्हणजे बोटाला टोचून मोजलेली रक्तातली साखर, ४६ आली. उपचार वेळेवर झाले आणि रुग्ण सावरला. नंतर वायल हातात घेतली तेव्हा लेबलवर १०० दिसलं.

आता पहिला कागद, खुलासा. तो साधारण असा लिहिला जातो:

"मी इव्हिनिंग ड्युटीवर असताना वॉर्डात खूप गर्दी होती. घाईमुळे मी वायल नीट तपासली नाही व माझ्या हातून नजरचुकीने इन्सुलिन जास्त दिले गेले. तरी पुन्हा अशी चूक होणार नाही. कृपया माफी असावी."

प्रामाणिक कागद आहे, वाचणाऱ्याला वाईटही वाटतं. पण यातून वाचणाऱ्याला काय कळलं? किती जास्त दिलं, कळलं नाही. कोणतं इन्सुलिन, कोणती सिरिंज, कळलं नाही. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे "नीट तपासली नाही" हे बहुधा खरंच नाही. औषधाचं नाव तपासलं होतं, मुदत तपासली होती, ऑर्डर आणि सिरिंजवरची खूण दोघींनी मिळून पडताळली होती. तपासणी झाली, तरीही चूक निसटली. वॉर्डासाठी हीच महत्त्वाची बातमी आहे, आणि माफीच्या वाक्याने तीच पुसून टाकली. दोष अंगावर घेतला की कागद नम्र होतो, पण त्यातली माहिती चुकीची होते. दोषारोप टाळायचा म्हणतो तेव्हा बहुतेकांना ते कर्मचाऱ्यावर केलेले उपकार वाटतात. मला विचाराल तर पहिलं कारण अचूकपणाचं आहे.

आता दुसरा कागद. त्याच घटनेचा अहवाल:

"रुग्ण: पुरुष, ५८ वर्षे, मधुमेह व न्यूमोनिया. ऑर्डर: रेग्युलर इन्सुलिन १२ युनिट, त्वचेखाली, रात्रीच्या जेवणाआधी.

१७:५० वॉर्डातून इंडेंट. मजकूर: 'रेग्युलर इन्सुलिन, १ वायल'. ताकद लिहिलेली नाही.

१८:३० फार्मसीतून १ वायल आली, प्रति मिली १०० युनिट. त्या वेळी ४० युनिटची वायल फार्मसीत शिल्लक नव्हती. वायल फ्रिजमधील इन्सुलिनच्या ट्रेमध्ये ठेवली.

१९:४० एचजीटी २१४. परिचारिका १ ने लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १२ च्या खुणेपर्यंत औषध भरले. परिचारिका २ ने ऑर्डर, औषधाचे नाव, मुदत व सिरिंजवरील खूण तपासली. दुहेरी तपासणीच्या तक्त्यात ताकदीचा रकाना नाही. वॉर्डात केशरी टोपीच्या सिरिंज नव्हत्या.

१९:४५ इंजेक्शन दिले. प्रत्यक्ष मात्रा ०.३ मिली, म्हणजे ३० युनिट.

२०:०० रुग्णाने जेवण घेतले. ड्युटी बदलली, ओव्हर दिला.

२१:२० घाम येत असल्याचे नातेवाइकाने सांगितले. रुग्ण गुंगीत, हाक मारल्यास प्रतिसाद. एचजीटी ४६.

२१:२४ रेसिडेंट डॉक्टरांना कळवले. त्यांच्या ऑर्डरनुसार २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून दिले.

२१:४० एचजीटी ११८, रुग्ण पूर्ण शुद्धीवर. पहाटे ४ पर्यंत दर तासाला एचजीटी. पुन्हा ७० च्या खाली गेली नाही.

२१:५० वायलवरील ताकद लक्षात आली. वायल वेगळी काढून सीलबंद केली.

२२:१५ रेसिडेंट डॉक्टरांनी रुग्ण व त्यांच्या मुलाला घडलेले सांगितले.

ड्युटीवर २ परिचारिका, २८ रुग्ण."

यात माफी नाही, पण लपवाछपवीही नाही. इंजेक्शन कोणी भरलं, कोणी तपासलं, सगळं आहे, फक्त नावाऐवजी भूमिका आहे. मला इथे थोडं थांबायचं आहे, कारण दोष न देता लिहा म्हटलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात. "रुग्णास इन्सुलिनची अतिरिक्त मात्रा प्राप्त झाली" असं वाक्य मी वाचलेलं आहे. प्राप्त झाली म्हणजे काय, आकाशातून पडली? कर्ता काढून टाकला की दोषासोबत माहितीही जाते. कोणत्या टप्प्यावर कोणाच्या हातात काय होतं, हे कळल्याशिवाय पुढचा माणूस काही दुरुस्त करू शकत नाही.

लिहिताना प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारावा: हे त्या वेळी तिथे उभ्या असलेल्या माणसाला दिसलं असतं का? लाल टोपी दिसली असती. १२ ची खूण दिसली असती. "घाई" आणि "दुर्लक्ष" दिसलं नसतं. ते आपण निकाल कळल्यावर मागे जाऊन चिकटवतो. रात्री सगळं ठीक झालं असतं तर त्याच हालचालींना कोणी घाई म्हटलं नसतं. "खूप गर्दी होती" याचंही तसंच. २ परिचारिका आणि २८ रुग्ण असं लिहिलं की गर्दी वाचणाऱ्याला आपोआप दिसते.

दोष स्वतःवरून काढला की तो बऱ्याचदा शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसतो, हेही सांगायला हवं. या प्रसंगात पहिला मोह होतो तो "फार्मसीने चुकीची वायल पाठवली" असं लिहिण्याचा. पण इंडेंट वाचा. त्यात ताकद लिहिलीच नव्हती. आलेली वायल मागणीशी तंतोतंत जुळत होती. "चुकीची" हा शब्द काढून "प्रति मिली १०० युनिट" लिहिलं की दोन्ही विभागांना एकाच टेबलावर बसून बोलता येतं. तो शब्द ठेवला, तर फार्मसीकडूनही एक खुलासा येतो आणि फाइल जाड होत जाते.

कारणांचा भाग अहवालात वेगळ्या चौकटीत लिहावा, घटनाक्रमात मिसळू नये. इथे तो लहान आहे: इंडेंटमध्ये ताकद लिहायची पद्धत नाही, दोन ताकदींच्या वायली एकाच ट्रेमध्ये येऊ शकतात, सिरिंज एकाच प्रकारची होती, आणि तपासणीचा तक्ता ताकद विचारत नाही. शेवटचा मुद्दा मला सर्वांत बोचतो. दुहेरी तपासणीत दुसरी सिस्टर तोच तक्ता घेऊन उभी असते, त्यामुळे जे पहिलीला विचारलं जात नाही ते दुसरीलाही विचारलं जात नाही. अशा वेळी तिसरी सिस्टर उभी केली तरी उपयोग नाही.

इजेची पायरीही फॉर्मवर असते. बऱ्याच ठिकाणी ए ते आय अशी वर्गवारी वापरतात. नुसता धोका होता, चूक घडली नाही, तर ए. चुकीचा मृत्यूला हातभार लागला, तर आय. आपल्या रुग्णाला तात्पुरती इजा झाली आणि उपचार करावे लागले, म्हणून ई. मुक्काम लांबला असता तर एफ. ही पायरी रुग्णाला काय झालं ते सांगते, चूक किती "गंभीर" होती ते सांगत नाही. तीच सिरिंज, तीच वायल, पण इंजेक्शन देण्याआधी कोणी लेबल वाचलं असतं तर पायरी बी झाली असती, आणि कारणांची चौकट मात्र जशीच्या तशी राहिली असती. म्हणून निसटत्या चुकांचाही अहवाल लिहायचा.

मग खुलाशाला जागाच नाही का? आहे. नोंदी नंतर खोडल्या, औषध न देताच दिल्याची चार्टवर सही केली, नशेत ड्युटी केली, असं काही असेल तर तो शिस्तीचा विषय आहे आणि तिथे खुलासा मागणं रास्त आहे. फक्त ती चौकशी वेगळ्या वाटेने जावी. अहवालाच्या फॉर्मवर "कर्मचाऱ्याचा खुलासा" असा रकाना असलेला मी पाहिला आहे. तो रकाना भरावा लागतो हे कळलं की पुढच्या वेळी ४६ ची एचजीटी चार्टवर राहते, तिचं कारण मात्र कागदावर येत नाही.

केसपेपरवरची नर्सिंग नोट हा तिसराच कागद. तिथे दिलेली मात्रा, एचजीटी, उपचार आणि रुग्णाला काय सांगितलं एवढं येतं, कारण पुढचे उपचार त्यावर चालतात. इंडेंट आणि ट्रेची चर्चा तिथे नको.

अहवालाचा शेवट कारवाईच्या रकान्यांनी होतो. इथे कारवाया तीन असतील. इंडेंटच्या फॉर्मवर ताकद लिहायची जागा, जबाबदारी फार्मसी प्रमुखांची. १०० ची वायल द्यावीच लागली तर फार्मसीतूनच केशरी टोपीच्या सिरिंजसह एका पिशवीत, जबाबदारी तीच. तपासणीच्या तक्त्यात "वायलवरची ताकद" आणि "टोपीचा रंग" असे दोन रकाने, जबाबदारी इन्चार्ज सिस्टरची. प्रत्येकापुढे तारीख. महिन्याने कोणीतरी वॉर्डाचा फ्रिज उघडून ट्रे बघायचा, इंडेंटच्या कार्बन कॉपी चाळायच्या आणि ताकद लिहिलेली नाही असे किती निघाले ते त्याच अहवालाच्या खाली लिहायचं. तोपर्यंत अहवाल बंद करायचा नाही.