स्मार्ट प्लग आणि घरातली उपकरणं: काय जोडायचं, काय नाही

स्मार्ट प्लग म्हणजे बोर्डातलं सॉकेट आणि उपकरणाची पिन यांच्या मधे बसणारी छोटी डबी, जिच्यात एक रिले, म्हणजे विजेनेच चालू-बंद होणारा स्विच असतो आणि मोबाईलवरून किंवा टायमर लावून तो रिले चालू-बंद करता येतो. घरातली कुठली वस्तू याला जोडायची आणि कुठली नाही हे दोन गोष्टींवर ठरतं. पहिली म्हणजे ती वस्तू किती अँपिअर ओढते आणि किती वेळ ओढते. दुसरी म्हणजे घरात कोणी नसताना ती आपोआप चालू झाली, किंवा बंद करायला सांगूनही चालूच राहिली, तर काय होईल. बरेच लोक पहिलीच बघतात, आणि तीही अर्धीच.

कोल्हापुरात हा प्रश्न जास्त करून गिझरवरूनच निघतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगली थंडी असते, कुणाला सहाला शाळेची बस तर कुणाला रंकाळ्यावर फिरायला जायचं असतं, मग वाटतं की उठायच्या आधीच पाणी तापून तयार असावं. आता साठवणीचा १५ लिटरचा गिझर साधारण २००० वॅटचा असतो. २३० व्होल्टने भागलं की ८.७ अँपिअर येतात. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला याला २१-२२ मिनिटं लागतात, म्हणजे पावणेपाचला चालू आणि सव्वापाचला बंद एवढा टायमर पुरतो. नळाला डायरेक्ट बसवतात तो ३ लिटरचा इन्स्टंट गिझर मात्र बहुतेक वेळा ३००० वॅटचा असतो, म्हणजे १३ अँपिअर. दिसायला छोटा म्हणून लोक त्याला हलका समजतात, पण लोड त्याचाच जास्त.

बाजारात स्मार्ट प्लग मुख्यतः १० आणि १६ अँपिअरचे मिळतात. आमच्या राजारामपुरीच्या घरात नेमकी हीच चूक झाली होती. भावाने १० अँपिअरचा प्लग आणला, इन्स्टंट गिझरची जाड पिन त्यात बसेना म्हणून मधे कन्व्हर्टर लावला आणि ते सगळं छोट्या पिनच्या सॉकेटात घुसवलं, म्हणजे १३ अँपिअरचा लोड १० च्या प्लगमधून आणि ६ अँपिअरच्या सॉकेटमधून. दोन आठवडे काही झालं नाही. मग बाथरूमबाहेर सुक्या मासळीसारखा वास यायला लागला, आम्हाला वाटलं शेजारी बोंबील भाजतायत, पण तो तापलेल्या प्लास्टिकचा वास होता. प्लग काढून बघितला तर पिनच्या भोकाभोवती चॉकलेटी डाग पडला होता आणि एक पिन काळी झाली होती.

आम्ही वायरमनला विचारलं, एवढं जळत होतं तर एमसीबी का पडला नाही? तो म्हणाला, "दादा, एमसीबीला काय कळणार, त्याच्या हिशोबात करंट बरोबरच हाय." हे सगळ्यांनी नीट समजून घ्यायला पाहिजे. एमसीबी बघतो वायरमधून जाणारा करंट. १६ च्या एमसीबीला १३ अँपिअर चालतात, पण आग लागते ती पिन आणि सॉकेटच्या पत्तीमधल्या ढिल्या जोडावर, तिथे करंट वाढलेला नसतो, फक्त तेवढा एक बिंदू तापत जातो, पत्ती तापली की तिचा ताण जातो, ताण गेला की जोड आणखी ढिला होतो आणि मग आणखी तापतो. ईएलसीबीलाही हे कळत नाही, तो फक्त बाहेर गळणारा करंट बघतो. शिवाय उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ८.७ चे १३ झाले तर करंट दीडपट आणि त्याच जोडावरची उष्णता सव्वादोनपट. त्यात रात्री उशिरा किंवा पहाटे व्होल्टेज वाढून २५० झालं तर ३००० वॅटचा गिझर साडेतीन हजाराच्या आसपास वॅट घेतो आणि करंट १४ च्या वर जातो.

म्हणून गिझरला १६ अँपिअरचाच प्लग, जाड पिनच्या सॉकेटात थेट, मधे कन्व्हर्टर नाही आणि एक्स्टेंशन बोर्ड तर नाहीच. पहिल्या दिवशी २० मिनिटं चालवून, मेन बंद करून मग प्लग आणि गिझरच्या पिनच्या टॉपला हात लावून बघायचा. कोमट लागला तर ठीक, हात ठेववत नसेल तर सॉकेट बदलायचं. २००० वॅटचा गिझर १० च्या प्लगवर कागदावर बसतो, पण रोज एवढा वेळ इतक्या काठावर चालवणं मला तरी पटत नाही.

आता दुसरा प्रश्न. रिलेचे काँटॅक्ट ठिणग्यांनी कधीकधी एकमेकांना चिकटतात, मग मोबाईलवर बंद दिसतं आणि गिझर चालूच असतो. ओळखायचं कसं, तर बंद केल्यावर गिझरचा दिवा विझला का ते डोळ्यांनी बघायचं, प्लगमधून नुसता टिक आवाज आला म्हणजे बंद झालं असं नाही. गिझरच्या आत थर्मोस्टॅट आणि कटआऊट असतो, त्यामुळे प्लग चिकटला तरी पाणी ठरलेल्या तापमानाला थांबतं, वीज वाया जाते एवढंच. म्हणूनच गिझर जोडता येतो. बादलीतल्या रॉडला यातलं काहीच नसतं. पाणी कमी झालं किंवा बादलीच नसली तरी तो तापतच राहतो, प्लास्टिकची बादली वितळते, त्यामुळे रॉड १००० वॅटचा असला आणि प्लगच्या आकड्यात आरामात बसत असला तरी त्याला टायमर लावायचाच नाही. इस्त्री आणि रूम हिटरचंही तेच, त्यांना थर्मोस्टॅट असतो हे खरं, पण इस्त्री कापडावर पालथी असेल किंवा हिटरवर टॉवेल पडला असेल तर तो थर्मोस्टॅट काही वाचवत नाही.

यात लाईट जाण्याचा भाग वेगळा लक्षात ठेवायचा. बरेच प्लग लाईट परत आली की आधीच्या अवस्थेत जातात, म्हणजे गिझर चालू असताना लाईट गेली, तुम्ही ऑफिसला गेलात आणि अकरा वाजता लाईट आली तर तो आपोआप पुन्हा चालू. अ‍ॅपमध्ये लाईट आल्यावर प्लगने काय करायचं याची सेटिंग असते, ती गिझरसाठी बंदवरच ठेवायची.

टाकीची मोटर हा इथला दुसरा मोठा मोह, नळाला पाणी आलं की खालच्या टाकीतून वर चढवायचं असतं. एक एचपीची मोटर चालताना पाच-सहा अँपिअरच घेते, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या पाच-सहा पट ओढते, आणि प्लगवर लिहिलेले १६ अँपिअर हे गिझर, बल्बसारख्या लोडसाठी असतात. मोटरवर रिले लवकर चिकटतो, मग खालची टाकी रिकामी झाली तरी मोटर कोरडी फिरत राहते आणि सील जळतं. इथे वायरमनकडून काँटॅक्टर, म्हणजे मोटरचा लोड झेलणारा मोठा स्विच बसवून घ्यायचा आणि प्लगने फक्त त्याची कॉईल चालवायची, सोबत खालच्या टाकीत पाणी संपलं की मोटर बंद करणारा फ्लोट स्विच.

टेबल लॅम्प, डास पळवायचं मशीन, दिवाळीच्या माळा, चार्जर बिनधास्त जोडा. फ्रीज नको, प्लग चुकून बंद पडला तर दूध नासतं. मिक्सरही नको, बटण चालू राहिलेलं असेल तर कुणाचा हात भांड्यात असतानाच पातं फिरेल. इंडक्शन शेगडीला जोडून उपयोगच नाही, वीज आली तरी ती स्टँडबायवरच थांबते, तिचं बटण हातानेच दाबावं लागतं.