शंभर फिल्म्समधली मधली : हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय

मुलाच्या डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे पाहून हाडांचे वय सांगताना आजही बहुतेक ठिकाणी ग्रूलिक आणि पाइल यांचा ॲटलास उघडला जातो. त्याची पहिली आवृत्ती १९५० साली आणि दुसरी १९५९ साली निघाली. त्यातली प्रत्येक प्रमाण-प्रतिमा कशी निवडली गेली, हे समजले की या तपासणीत किती चूक धरायची, याचा निम्मा खुलासा होतो. एकाच वयाच्या, एकाच लिंगाच्या शंभर मुलांच्या फिल्म्स घेऊन, त्या सर्वांत कमी पक्व हाडांपासून सर्वांत जास्त पक्व हाडांपर्यंत ओळीने मांडल्या आणि मधोमध येईल ती त्या वयाची प्रमाण-प्रतिमा ठरवली. तेव्हा दहा वर्षांच्या मुलाचे म्हणून छापलेले चित्र हे मधल्या मुलाचे आहे. त्याच्या मागे आणि पुढे जवळपास निम्मी-निम्मी मुले उभी होती, आणि ती सगळीच खरोखर दहा वर्षांची होती.

ही कल्पना या ॲटलासच्या बरीच आधीची आहे. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, आणि १८९८ सालीच लंडनमध्ये जॉन पोलंड यांनी मनगट व हाताच्या हाडांच्या वाढीचा सचित्र संग्रह प्रसिद्ध केला. मुलींची हाडे मुलांच्या आधी पक्व होतात, हे अमेरिकेत प्रायर यांनी पुढच्या दशकात एक्स-रेवरून दाखवले. १९०९ साली बोस्टनचे बालरोगतज्ज्ञ थॉमस मॉर्गन रॉच यांनी मनगटातील हाडांच्या क्रमावरून ‘ए’ ते ‘एम’ अशा पायऱ्या पाडल्या. मूल कामावर ठेवण्याजोगे आहे का, कोणत्या खेळात किंवा वर्गात घालावे, हे जन्मतारखेऐवजी या पायरीवरून ठरवावे असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे हाताचा एक्स-रे दवाखान्याबाहेर नेण्याचा मोह पहिल्यापासूनचा आहे. मात्र रॉच यांना वाढ किती झाली हे हवे होते, जन्मतारीख शोधायची नव्हती.

ग्रूलिक-पाइल यांच्या फिल्म्स क्लीव्हलंड शहरातल्या एका दीर्घ अभ्यासातून आल्या. टी. विंगेट टॉड यांनी तो चालवला आणि १९३७ साली त्यावरून हाताचा एक ॲटलासही काढला. त्यातली मुले गोरी, सुस्थितीतल्या घरांतली आणि निरोगी होती, आणि त्यांचे पालक त्यांना ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा आणत. याचा मोठा फायदा असा की जन्मतारखा पक्क्या होत्या.

हातच का, याचे कारण सोपे आहे. थोड्या जागेत एकोणतीस हाडे मिळतात : बोटांची चौदा, तळहाताची पाच, मनगटाची आठ आणि पुढच्या हाताच्या दोन हाडांची टोके. त्यासाठी लागणारा किरणोत्सर्गही अगदी कमी असतो. वाचताना आपण बोटांच्या हाडांची टोके आधी पाहतो. टोकाची चकती हाडाच्या दांड्याइतकी रुंद झाली का, तिच्या कडा दांड्यावर टोपीसारख्या उतरल्या का, मधली कूर्चेची काळी रेघ बुजू लागली का, या क्रमाने. वयात येण्याच्या सुमारास अंगठ्याच्या बुडाशी एक दाणा दिसू लागतो. त्याला सेसमॉइड म्हणतात, आणि ते नाव तिळावरूनच पडले आहे. मनगटाची गोलसर हाडे डोळ्यात भरतात, पण त्यांच्या क्रमात फार चढउतार असल्याने मोठ्या मुलांत त्यांच्यावर भिस्त ठेवणे बरे नाही. बोटे वाकडी ठेवून फिल्म काढली तर कूर्चेची रेघ झाकली जाते आणि ती जुळून आल्याचा भास होतो. अशी फिल्म वाचण्यापेक्षा पुन्हा काढलेली चांगली.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. अकरा वर्षे पूर्ण झालेला, वर्गात सर्वांत बुटका मुलगा आहे. फिल्मवर बोटांच्या चकत्या दांड्याइतक्या रुंद होत आल्या आहेत, टोपी कुठेच नाही, तीळही नाही. एक वाचक नऊ वर्षांची प्रतिमा जुळली म्हणतो. या वयाच्या मुलांमध्ये ॲटलासच्या कोष्टकातील प्रमाण विचलन, म्हणजे मधल्यापासून मुले किती पसरली आहेत याचे माप, साधारण साडेदहा महिने आहे. सर्वसामान्य मर्यादा त्याच्या दुपटीपर्यंत, म्हणजे एकवीस महिने धरतात. नऊ हे अकरापेक्षा चोवीस महिन्यांनी मागे, म्हणून अहवालात ‘हाडांची वाढ मागे’ असे लिहिले जाते. दुसरा वाचक तीच फिल्म नऊ आणि दहाच्या मध्ये बसवतो व साडेनऊ म्हणतो. आता फरक अठरा महिन्यांचा, आणि मुलगा सर्वसामान्य मर्यादेत येतो. दोघांपैकी कोणीही चुकलेला नाही; सहा महिन्यांचा फरक दोन अनुभवी वाचकांतही पडतो.

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच ‘चुकी’च्या नावाखाली येतात. वाचकाचा फरक कमी करता येतो : जन्मतारीख झाकून वाचावे, दोघांनी वाचावे, आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षाने त्याच वाचकाने जुन्या फिल्मशेजारी नवी ठेवून पाहावे. ब्रिटनमध्ये टॅनर आणि व्हाइटहाउस यांनी १९६२ साली प्रत्येक हाडाला वेगळी पायरी व गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत आणली, तीही याच फरकावरचा उपाय होती. मुलामुलांतला पसारा मात्र कोणत्याही पद्धतीने आटत नाही, कारण तो मुलांमध्येच आहे.

वाढीच्या तक्रारीत हा पसारा फारसा आड येत नाही, कारण तिथे जन्मतारीख माहीत असते आणि आपण फक्त मूल कुठे उभे आहे ते विचारतो. कायदा उलटा प्रश्न विचारतो : फिल्म ही, तर जन्म कधीचा? आपल्याकडे ‘१ जून’ या शाळेत नोंदवलेल्या वाढदिवसांची एक आख्खी पिढी आहे, तेव्हा हा प्रश्न उपटणे साहजिकच होते. भारतीय मुलांच्या हाडांचा बंगालमधील गॅलस्टॉन यांचा अभ्यास १९३७ चा आहे. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका स्थानबद्धतेच्या प्रकरणात एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक धरली. माझ्या मते हा आकडा उदार नसून किंचित कंजूषच आहे. कारण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांमध्ये ॲटलासचे प्रमाण विचलन वर्षाहून जास्त आहे, आणि त्याची दुप्पट केली की दोन वर्षे ओलांडली जातात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ ने हाडांची चाचणी शाळेच्या आणि नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या दाखल्यानंतर, दोन्ही नसतील तेव्हाच ठेवली आहे, हे या दृष्टीने बरोबरच आहे.

शिवाय हाताच्या फिल्मला एक छत आहे. मनगटापाशी पुढच्या हातातल्या रेडियस या हाडाचे टोक जुळले की हातात पाहण्यासारखे काही उरत नाही. ग्रूलिक-पाइल यांची शेवटची प्रतिमा मुलींसाठी अठरा आणि मुलांसाठी एकोणीस वर्षांची आहे, पण ती मधल्या मुलाची. पुष्कळ मुलांची सगळी टोके त्याआधीच जुळतात, आणि पुढे पंचविशीतल्या माणसाची फिल्मही तशीच दिसते. अशा फिल्मवर ‘वय एकोणीस’ लिहिणे चूक ठरते. ‘हाताची वाढ पूर्ण झाली आहे’ एवढेच लिहिता येते. अठराची रेषा ओलांडली का, हे पाहायचे असेल तर सगळ्यांत उशिरा जुळणारे, गळपट्टीच्या हाडाचे छातीकडील टोक पाहावे लागते.