रिटायरमेंट आणि सुपरॲन्युएशन एकच का? नानांच्या निरोप समारंभात मारलेलं भाषण

परवा शुक्रवारी आमच्या नाशिकच्या ऑफिसात नानांचा निरोप समारंभ झाला. नाना म्हणजे आवक-जावकचे, ऑफिसात कोणता कागद कुठे गेला हे कॉम्प्युटरच्या आधी नानांना माहीत. शाल श्रीफळ झालं, जिलेबी आली, मठ्ठ्याचे ग्लास हातात आले आणि साहेब मला म्हणाले तुम्ही बोला दोन मिनिटं. मी बोललो दहा मिनिटं, कारण सकाळीच आमच्या शिपाई भाऊंनी नानांच्या पेन्शनच्या कागदावरचा इंग्रजी शब्द मोठ्याने वाचला होता, "सुपर ॲनिमेशन", आणि तेव्हापासून अख्खं ऑफिस नानांना कार्टून म्हणत होतं. मग मी म्हटलं आज हाच शब्द सोडवू. जे बोललो ते जमेल तसं इथे टाकतोय, ग्रुपवर तिघांनी मागितलं म्हणून.

म्हटलं मंडळी, शब्द सुपरॲन्युएशन आहे. तुम्ही सगळे समजता की हे रिटायरमेंटचंच इंग्रजीत जरा भाव खाऊन म्हणणं. तसं नाहीये. रिटायर शब्दाच्या मुळाशी फ्रेंच आहे, मागे ओढून घेणं, माघार घेणं, म्हणजे यात माणूस स्वतः काहीतरी करतो. आपली निवृत्ती पण तशीच, मागे वळणं, आणि ज्यांच्या गावाजवळ त्र्यंबकला निवृत्तीनाथांची समाधी आहे त्या नाशिककरांना निवृत्ती मी काय शिकवणार. पण सुपरॲन्युएशनमध्ये माणूस काहीच करत नाही, फक्त वर्षं करतात. लॅटिनमध्ये सुपर म्हणजे पलीकडे आणि ॲनस म्हणजे वर्ष, ॲन्युअल आणि ॲन्युइटी त्याच घरातले. मध्ययुगात हा शब्द जनावरांना लावायचे, एक वर्षाच्या वर गेलेलं जनावर म्हणजे सुपरॲन्युएटस. इथे नानांनी जिलेबी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे मी गोऱ्हा?" पुढची दोन मिनिटं मला कोणी बोलू दिलं नाही.

आता सरकारी मराठीत बघा, आदेशात काय लिहितात? "नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त." मला हा इंग्रजीपेक्षा बरा वाटतो खरं सांगायचं तर, कारण यात दोन्ही गोष्टी शेजारी बसल्यात, सेवानिवृत्ती हे मोठं घर आणि नियत वयोमान ही त्यातली एक खोली. सुपरॲन्युएशन झालं की रिटायर झालातच, पण रिटायर झालेला प्रत्येक माणूस सुपरॲन्युएट झालेला नसतो. आपल्या टपाल टेबलवरच्या ताई आठवतात का, त्यांनी 20 वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर तीन महिन्यांची लेखी नोटीस दिली आणि स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यासाठी अर्ज केला, मंजुरीची वाट पाहिली, मध्ये एकदा घाबरून परत घ्यायचा विचारही केला. त्या रिटायर झाल्या, सुपरॲन्युएट नाही झाल्या. नानांनी अर्जच केलेला नाही. त्यांची तारीख नोकरीला लागले त्या दिवशीच सर्व्हिस बुकात बसली होती, ती फक्त चालत आली. कागद बघून ओळखायचं असेल तर एवढंच विचारा, तारीख कोणी ठरवली, माणसाने की जन्मतारखेने?

आणि जन्मतारखेवरच नानांची खरी गंमत आहे. सर्व्हिस बुकात नानांची जन्मतारीख 1 जून 1968. हसू नका, या हॉलमध्ये अजून चार जण 1 जूनचे आहेत, गुरुजींनी शाळेत नाव घालताना महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी उरकून टाकलेला. नानांची आई सांगायची पोरगं आषाढात झालं, पावसाने घर गळत होतं. पण नियम आषाढ मानत नाही. 58 पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, पण जन्म महिन्याच्या 1 तारखेचा असेल तर आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस. म्हणजे नानांचा 31 मे 2026. गुरुजींच्या पेनाने जरा पुढे सरकून 2 जून लिहिलं असतं ना तर 30 जूनपर्यंत नोकरी आणि जूनचा अख्खा पगार. एका दिवसाने एक महिना गेला. दुरुस्ती करता आली असती, पण अर्ज नोकरीला लागल्यापासून 5 वर्षांच्या आत करावा लागतो आणि तेव्हा नानांचं वय पंचविशीच्या आसपास, निवृत्तीचा विचार कोण करतं त्या वयात.

तेवढ्यात आपले शिपाई भाऊ म्हणाले, मी आणि नाना एकाच वर्गात, एकाच बाकावर, मग मी अजून दोन वर्षं कसा? बरोबर विचारलं. राज्यात गट क ला 58 आणि गट ड ला 60. वय सारखं पण नियत वयोमान पदाचं असतं, माणसाचं नसतं. म्हणून बाकावर शेजारी बसलेली दोन पोरं वेगवेगळ्या वर्षी सुपरॲन्युएट होतात आणि एक दुसऱ्याच्या निरोपाची जिलेबी वाढतो.

(इथे मी थांबणार होतो पण माझ्या भावाचं एक आहे ते सांगितलंच.) भाऊ अंबडला कारखान्यात होता, पीएफवाला. तिथे पेन्शनच्या योजनेतच हे दोन शब्द पैशात वेगळे होतात. 10 वर्षं सेवा आणि 58 पूर्ण म्हणजे सुपरॲन्युएशन पेन्शन. पन्नाशीनंतर पण 58 च्या आत नोकरी सोडून पेन्शन सुरू केली की ती लवकरची पेन्शन, आणि अठ्ठावन्नाला जेवढी वर्षं कमी तेवढ्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात. भाऊ 57 ला बाहेर पडला, मी तर घरी बसलो म्हणजे रिटायरच ना, म्हणून लगेच फॉर्म भरला. महिना 3000 बसत असते तर हातात 2880. वर्षभर थांबून फॉर्म भरला असता तर कपात लागली नसती, आणि कापलेले 120 अठ्ठावन्न झाल्यावर परत मिळत नाहीत, ते कायमचे. त्याला वहिनी अजून रोज ऐकवते. कुठल्याही फॉर्मवर कारण म्हणून हा शब्द दिसला तर आधी बघा आपलं नियत वय झालंय का, मग सही करा.

मग मी मठ्ठ्याचा ग्लास वर केला, म्हटलं नाना, तुम्ही माघार घेतलेली नाही, तुमची फक्त वर्षं पलीकडे गेली, त्या वर्षांच्या नावाने. सगळ्यांनी ग्लास वर केले, एकाचा शालीवर सांडला.

नाना उठले, घसा खाकरला, वाटलं आता डोळ्यात पाणी. तेवढ्यात साहेब आदेश वाचत होते ते म्हणाले, एक मिनिट नाना, यात "दि. 31 मे रोजी म.नं." लिहिलंय, म्हणजे मध्यान्हानंतर. आज 29, शुक्रवार. रविवारी दुपारपर्यंत तुम्ही सेवेतच आहात. ते जावक रजिस्टरचं मागच्या आठवड्याचं पान कोरं आहे, तेवढं भरून जाता का?

नाना बसले, उरलेली जिलेबी संपवली आणि पेन मागितलं.