हप्त्याचं खरं व्याज आणि ०.८२ चा उतार

"साहेब, फक्त दहा टक्के फ्लॅट. एक लाखाला महिना पाच हजार, दोन वर्षांत मोकळे." दादर-परळ पट्ट्यात दुचाकी घ्यायला गेलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. हिशोबही सरळ दिसतो. वर्षाला दहा हजार व्याज, दोन वर्षांचे वीस हजार, एकूण एक लाख वीस हजार, भागिले २४. यातली मेख अशी की पहिल्या हप्त्यापासून मुद्दल फिटू लागते, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलेलं असतं. मग उरलेल्या मुद्दलावर धरलं तर खरा दर किती?

महिन्याचा दर r मानला, तर हप्त्याच्या नेहमीच्या सूत्रातून एवढं उरतं:

```
r = 0.05 * (1 - (1+r)^-24)
```

इथला ०.०५ म्हणजे हप्ता भागिले कर्ज. अडचण अशी की r डावीकडेही आहे आणि उजवीकडे घाताच्या पोटातही आहे. बीजगणिताने तो एकटा बाहेर काढता येत नाही. म्हणून एक अंदाज उजवीकडे घालायचा, जे येईल तोच नवा अंदाज समजून पुन्हा उजवीकडे घालायचा, आणि असं करत राहायचं. ज्या आकड्यापाशी आत घातलेलं आणि बाहेर आलेलं एकच असतं, तो स्थिर बिंदू. आपलं उत्तर तोच आहे.

स्प्रेडशीटमध्ये A1 मध्ये 0.02 टाका, A2 मध्ये `=0.05*(1-(1+A1)^-24)` लिहा आणि खाली ओढा. २ टक्क्यांवरून १.८९, मग १.८१, मग १.७५. विसाव्या फेरीला १.५२ च्या आसपास पोहोचतो आणि पुढे १.५१३ वर स्थिरावतो. एक टक्क्यापासून सुरू केलं तर १.०६, १.१२, १.१७ असं खालून चढत त्याच जागी येतो. महिना १.५१३ म्हणजे वर्षाला सुमारे १८.१६ टक्के. दहा टक्के फ्लॅटचा खरा चेहरा हा असा आहे.

आकडे तिथेच का आले, हे पाहण्यासाठी उत्तराच्या आसपास थोडं हलून बघू. उजवीकडे १.५० टक्के घातलं तर १.५०२ बाहेर येतं, १.६० घातलं तर १.५८४. आत ०.१० ची हालचाल केली तर बाहेर ०.०८२ चीच झाली. या गुणोत्तराला त्या ठिकाणचा उतार म्हणतात. कॉलेजात शिकलेला डेरिव्हेटिव्ह तो हाच. नेमका १.५१३ पाशी काढला तर तो ०.८२४ भरतो. आता समजा आपला अंदाज खऱ्या उत्तरापासून थोडा चुकला आहे. उत्तर स्वतः जागचं हलत नाही, म्हणून एका फेरीनंतर ती चूक साधारण ०.८२४ पट उरते, पुढच्या फेरीला त्याच्याही ०.८२४ पट. एकापेक्षा लहान संख्येने गुणत राहिलं की चूक शून्याकडे जाणारच. उतार ऋण असता तर अंदाज आलटून पालटून उत्तराच्या या बाजूला आणि त्या बाजूला पडले असते, पण चूक तशीच आटली असती. म्हणून कसोटी उताराच्या चिन्हाकडे न बघता त्याच्या आकाराची आहे: तो एकाच्या आत हवा, आणि सुरुवात उत्तराच्या पुरेशी जवळ हवी.

या समीकरणाला आणखी एक स्थिर बिंदू आहे, r = ०. शून्य घातलं की शून्यच येतं. गणिताच्या दृष्टीने हेही बिनचूक उत्तर, फक्त व्यवहारात निरुपयोगी. तिथला उतार ०.०५ × २४, म्हणजे १.२. (एकूण परतफेड भागिले कर्ज, व्याज घेतलं जात असेल तर तो एकाहून मोठाच असणार.) त्यामुळे शून्याजवळची चूक दर फेरीला वाढते आणि अंदाज तिथून निसटून खऱ्या दराकडे जातो.

आता तेच समीकरण उलटं लिहू. उजवीकडच्या घातातला r सोडवून घेतला तर:

```
r = (1 - 20*r)^(-1/24) - 1
```

बीजगणितात काहीच चुकलेलं नाही, स्थिर बिंदूही तेच दोन आहेत. पण १.५ टक्क्यांपासून, म्हणजे उत्तराच्या अगदी शेजारून निघालात तर १.४९७, मग १.४९४ असं घसरत घसरत शेवटी शून्यावर जाऊन बसाल. १.६ पासून निघालात तर १.६२, १.६४ असं वर वर जात एकदा ५ टक्के ओलांडाल, कंसातली संख्या ऋण होईल आणि स्क्रीनवर एरर येईल. एका बाजूने 'व्याज शून्य', दुसऱ्या बाजूने एरर, आणि खरं उत्तर मधल्या मध्ये राहून जातं. उलट्या मांडणीत उतारही उलटतो: ०.८२४ चा १.२१ होतो, १.२ चा ०.८३. म्हणजे स्थिर बिंदू कोणता हे समीकरण ठरवतं, आणि त्यातला कुठला हाती लागेल हे आपण ते कसं मांडलं त्यावर ठरतं.

आपली चांगली मांडणीसुद्धा तशी संथच. ०.८२४ ने गुणत जाऊन चूक दहावा हिस्सा व्हायला बारा फेऱ्या लागतात, म्हणजे एकेका दशांश अंकाला बारा. यात एक फसगतही आहे. लागोपाठच्या दोन अंदाजांत ०.००१ चाच फरक दिसला की माणूस थांबतो. पण शिल्लक चूक ही शेवटच्या बदलाच्या ०.८२४ ÷ ०.१७६, म्हणजे जवळपास पावणेपाच पट असते. आकडा हलेनासा झाला म्हणून तो पोहोचला असं धरू नये.

यावर अलेक्झांडर एटकिन या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने १९२६ साली मांडलेली युक्ती मला फार आवडते. चूक एका ठरावीक पटीत घटते आहे, हे माहीत असेल तर ती पट तीन अंदाजांवरून ताडता येते आणि शेवटचा मुक्काम थेट काढता येतो. आपले २, १.८९१४ आणि १.८१०९ घ्या. पहिला बदल ०.१०८६, दुसरा ०.०८०५. पहिल्या बदलाचा वर्ग भागिले दोन्ही बदलांतला फरक, हे २ मधून वजा केलं की १.५८ येतं. साध्या पद्धतीने तिथपर्यंत यायला नऊएक फेऱ्या लागल्या असत्या. तयार उत्तरच हवं असेल तर `=RATE(24,-5000,100000)` आहेच.

राहिला प्रश्न उतार नेमका एक असण्याचा. मोबाइलच्या दुकानातल्या नो-कॉस्ट ईएमआयमध्ये, बारा हप्त्यांची बेरीज किमतीएवढीच असेल, तर दोन्ही स्थिर बिंदू शून्यावर एकत्र येतात आणि तिथला उतार बरोबर १ होतो. कसोटी इथे काहीच सांगत नाही. १ टक्क्यापासून निघालं तर अंदाज शून्याकडे जातो खरा, पण शंभर फेऱ्यांनंतरही ०.१३ टक्क्यांवर असतो आणि हजार फेऱ्यांनंतर ०.०१५ वर. त्यात दोन टक्के प्रोसेसिंग फी आधीच कापून घेतली की शून्यावरचा उतार १.०२ होतो आणि खऱ्या दरापाशी जेमतेम ०.९८. दर तेव्हा मिळतो, महिना सुमारे ०.३ टक्के, पण एकेका अंकासाठी शंभराहून जास्त फेऱ्या माराव्या लागतात.