मीटर शांत, रोटर मात्र तापलेला

वडोदऱ्याहून मेमूने भरूचकडे जाताना वाटेत कुठेतरी मोटारींचा आवाज क्षणभर बसतो आणि गाडी नुसत्या वेगावर पुढे सरकते. तिथे वरच्या तारेत मुद्दाम वीज नसलेला तुकडा ठेवलेला असतो. रेल्वेची २५ किलोव्होल्टची वीज एकाच फेजची. सबस्टेशन ती ग्रिडच्या तीनपैकी दोन फेजांवरून घेते आणि पुढचे सबस्टेशन दुसरी जोडी पकडते; दोघांची वीज एकमेकींना भिडू नये म्हणून मध्ये तो तुकडा. हा आलटूनपालटून भार टाकण्याचा खटाटोप ग्रिडवरच्या जनरेटरांसाठी असतो.

जनरेटरच्या तिन्ही फेजांवर भार सारखा असला की स्टेटरचे, म्हणजे स्थिर भागाचे, चुंबकीय क्षेत्र आत फिरणाऱ्या रोटरच्या बरोबरीने फिरते आणि रोटरला ते स्थिरच भासते. भार असमान झाला की करंटचा एक हिस्सा उलट दिशेने फिरणारे क्षेत्र तयार करतो. तोच निगेटिव्ह सिक्वेन्स करंट. देवळात तुम्ही प्रदक्षिणा घालताय आणि कुणीतरी त्याच चालीने उलटा फिरतोय, तर एका फेरीत तो दोनदा समोर येतो. तसेच सेकंदाला ५० फेऱ्या घेणाऱ्या रोटरला हे क्षेत्र १०० वेळा झटके देते. त्यामुळे रोटरच्या लोखंडात १०० हर्ट्झचे करंट उठतात. इतके जलद करंट खोल शिरत नाहीत, पृष्ठभागावरूनच वाहतात. सगळी उष्णता त्या पातळ थरात, खाचांवरच्या पाचरांत आणि टोकाच्या कड्यांत साठते. पाचरा मऊ पडतात, कड्यांच्या जोडांवर ठिणग्यांचे डाग उमटतात.

आता फसवा भाग. समजा, एका कारखान्याच्या टर्बोजनरेटरचा एक फेज ब्रेकरमध्येच तुटला आणि उरलेल्या दोन फेजांतून बरोबर पूर्ण क्षमतेचा, म्हणजे १०० टक्के करंट वाहतोय. करंट मर्यादेबाहेर गेला की यंत्र तोडणाऱ्या ओव्हरकरंट रिलेच्या लेखी मर्यादा ओलांडलेलीच नाही, म्हणून तो गप्प. प्रत्यक्षात निगेटिव्ह सिक्वेन्स करंट ५८ टक्क्यांवर गेलेला असतो. अशी यंत्रे कायमचा साधारण ८ ते १० टक्केच सोसतात.

हे ओळखणारा रिले वेगळा. त्याचा हिशेब सोपा आहे: या करंटचा वर्ग गुणिले सेकंद. मोठ्या, थेट थंड केलेल्या रोटरसाठी ही सहनशक्ती बहुधा १० धरतात. ०.५८ चा वर्ग सुमारे ०.३३, म्हणजे ३० सेकंदांत रोटरची सीमा येते. जुन्या, कमी ताणून बांधलेल्या यंत्रांसाठी हा आकडा ३० असे. तिथे दीड मिनिट मिळते. नवीन यंत्र अधिक सोशिक असेल हा समज इथे साफ उलटा पडतो.

असमतोल थोडा असेल तर रिले आधी फक्त घंटा वाजवतो, म्हणजे ऑपरेटरला भार कमी करायला वेळ मिळतो. चांगला रिले साठलेली उष्णता लक्षातही ठेवतो. ट्रिपनंतर घाईने जनरेटर पुन्हा जोडला आणि बिघाड तसाच असला, तर तो ३० सेकंद थांबत नाही. आधीची ऊब अजून रोटरात असते, आणि ती त्याच्या हिशेबातही असते.