फोटोवरून टायरची ओळख : कोकणातील धक्क्यांवरचे टायर

फोटोत दिसणाऱ्या टायरच्या बाजूवरची उठावाची अक्षरे, त्याच्या तळाची नक्षी आणि आकारमान यांवरून तो कोणत्या प्रकारचा आहे आणि कोणत्या वाहनासाठी बनवला गेला हे ठरवण्याची ही रीत आहे. टायर गाडीला लावलेला असेल तर ती फारशी लागत नाही. तो गाडीपासून सुटलेला असेल तेव्हा खरी गरज पडते. कोकणात असे टायर हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण अशा बंदरांच्या धक्क्यांवर आणि ट्रॉलरच्या कुशीला दोराने टांगलेले दिसतात. लाकूड किंवा फायबर दगडावर घासू नये म्हणून ते फेंडरचे काम करतात. हे बहुतेक जुने टायर असतात, त्यांवर शेवाळ आणि कालवं चढलेली असतात आणि अर्धी अक्षरे दोराखाली गेलेली असतात. म्हणून ही नोंद त्यांच्यावरच बेतली आहे.

बाजूवरच्या मजकुरात कंपनीचे नाव सर्वांत मोठे असते, पण ओळखीसाठी त्याचा उपयोग सर्वांत कमी. आधी शोधायचे ते माप. ट्रकच्या ट्यूबवाल्या टायरवर ते `10.00 R 20` असे असते. पहिला आकडा टायरची रुंदी आणि शेवटचा रिमचा व्यास सांगतो, दोन्ही इंचांत. मधले `R` अक्षर रेडियल टायरची खूण आहे. तिथे नुसती आडवी रेघ असेल, म्हणजे `10.00-20`, तर तो जुन्या बांधणीचा, बोलीत ‘नायलॉन’ म्हणतात तो टायर. मोटारीच्या टायरचे माप वेगळ्या धर्तीवर लिहितात. `185/65 R 15` मध्ये रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंचांचा. रिक्षाचा टायर बहुधा `4.00-8` असतो.

मापाशेजारी भार आणि वेगाचा संकेत असतो. `146/143 K` असे दोन आकडे तिरक्या रेघेने जोडलेले दिसले की तो मालवाहू गाडीचा किंवा बसचा टायर समजावा. पहिला आकडा अक्षाच्या टोकाला एकच टायर असताना, दुसरा जोडटायर असताना पेलता येणारा भार सांगतो. १४६ म्हणजे ३,००० किलो, १४३ म्हणजे २,७२५ किलो आणि `K` म्हणजे ताशी ११० किलोमीटर. याच अर्थाने `16PR` ही थरांच्या क्षमतेची खूणही जड टायरवर हमखास सापडते.

माप झाकलेले असेल तर आणखी एक खूण कामी येते. तिच्याकडे फार कमी लोक पाहतात याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. भारतात टायरना आयएसआय शिक्का बंधनकारक झाल्यापासून त्यासोबत मानकाचा क्रमांकही असतो. `IS 15633` मोटारींसाठी, `IS 15636` व्यापारी वाहनांसाठी आणि `IS 15627` दुचाकी-तिचाकींसाठी आहे. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे जरी वाचता आले तरी वाहनाचा वर्ग पक्का होतो.

नक्षीचे वाचन याहून सैल असते. परिघाच्या दिशेने सलग धावणाऱ्या पट्ट्या आणि त्यांमधले नागमोडी खोबण हे पुढच्या, वळणाऱ्या चाकाला साजेसे. कडेपर्यंत आडवे पसरलेले जाड ठोकळे मागच्या, ओढणाऱ्या चाकासाठी. चिऱ्याच्या खाणीतून माल उचलणाऱ्या डंपरवर हेच ठोकळे जास्त खोल आणि रुंद असतात, कारण जांभ्याच्या धारदार तुकड्यांना तोंड द्यायला रबर लागते. भातखाचरात चालणाऱ्या पॉवर टिलरचा टायर मात्र एका नजरेत कळतो : दोन्ही बाजूंनी तिरपे येणारे उंच दात आणि त्यांच्यामध्ये चिखल निसटायला मोकळी जागा.

आता एक उदाहरण पाहू. समजा हर्णैच्या धक्क्यावरच्या टायरचा फोटो आहे. वरच्या भागात `…00 R 20` दिसते, पुढे दोर आहे, दोराच्या पलीकडे `16PR` आणि `146`. बाकीचे शेवाळात. तळावर झिजलेल्या सलग पट्ट्या आहेत.

२० इंची रिम आणि १६ पीआर यावरून ट्रक-बसचा वर्ग ठरला. रुंदी ९, १० की ११ इंच? इथे १४६ हा आकडा निर्णय देतो. १६ पीआरमध्ये ९ इंची टायरवर सामान्यतः `144/142`, १० इंचीवर `146/143`, ११ इंचीवर `150/147` असते. म्हणून तो `10.00 R 20`. पण एक फसगत टाळायला हवी. १८ पीआरच्या १० इंची टायरवर `149/146` असते, म्हणजे तिथेही १४६ आहे, फक्त रेघेनंतर. `16PR` दिसले नसते तर टायर १० इंची एवढेच म्हणता आले असते, त्याची क्षमता सांगता आली नसती.

पडताळणीसाठी मधल्या भोकाचा व्यास मोजपट्टी म्हणून वापरावा. २० इंच म्हणजे ५०८ मिलिमीटर, आणि या मापाच्या नव्या टायरचा बाहेरचा व्यास साधारण १,०५० मिलिमीटर. गुणोत्तर दोनच्या किंचित वर येते. वर दिलेल्या मोटारीच्या टायरचे ते १.६ च्या आसपास असते. फोटो तिरका असेल तर दोन्ही व्यास लंबगोलाच्या लांब अक्षावरच मोजावेत. टांगून ताणलेला टायर स्वतःच लांबट होतो, तेव्हा उभे आणि आडवे अशी दोन्ही मापे घेऊन सरासरी काढावी. रिक्षाच्या टायरचेही गुणोत्तर दोनच्याच आसपास असल्याने केवळ गुणोत्तरावर विसंबू नये. शेजारी माणूस, फळी किंवा मासळीचा क्रेट असेल तर रिक्षाचा जेमतेम ४२ सेंटिमीटरचा टायर आणि ट्रकचा मीटरभराचा टायर यांत गोंधळ होत नाही.

राहिल्या त्या सलग पट्ट्या. त्यावरून ‘हा पुढच्या चाकाचा’ असे म्हणण्याचा मोह होतो, पण ट्रकचे टायर रिमोल्ड होतात. झिजलेला तळ घासून त्यावर नवी नक्षी चिकटवतात, त्यामुळे बाजूचा मजकूर मूळ टायरचा आणि नक्षी नंतरच्या मालकाच्या गरजेची असू शकते. खांद्यापाशी रबराचा सांधा, तिथे अचानक बदलणारा पोत किंवा तळ आणि बाजू यांच्या जुनेपणात फरक दिसला तर रिमोल्डचा संशय घ्यावा. शिवाय पट्ट्यांचा टायर मागच्या जोडचाकांतही फिरवतात. धक्क्यावर आल्यानंतरची झीजही निराळी : होडीकडचा एकच भाग गुळगुळीत होतो, तर रस्त्यावरची झीज पूर्ण परिघावर फिरते. एका बाजूला गोटा आणि दुसरीकडे खाचा शाबूत असे दिसले तर ती घासण बोटीची.

म्हणून या फोटोवरून सांगता येते ते इतके : १० इंची, २० इंची रिमचा, १६ पीआर रेडियल टायर, ट्रक किंवा बसचा. कोणत्या चाकाचा ते नाही. उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूवर पूर्ण छापलेले असतात, आणि इथे ती बाजू भिंतीकडे आहे. दुसरा फोटो मागवायचा असेल तर ओहोटीच्या वेळी, अक्षरांवरचे शेवाळ ब्रशने काढून, बाजू ओली करून आणि उजेड समोरून न पडता कडेने पडेल असा घ्यायला सांगावे. उठावाच्या काळ्या अक्षरांची सावली पडली तरच ती काळ्या रबरावर वाचता येतात.