काम झालं, पण पोच गेली नाही

ऑनलाइन दुकानातली ८५० रुपयांची ऑर्डर तुम्ही रद्द केलीत. दुकानाची एक सेवा 'एवढे पैसे परत करा' असा मेसेज रांगेत टाकते. परताव्याची सेवा तो उचलते, पैसे जमा करते आणि मग रांगेला कळवते, 'झालं, आता पुसा.' अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस रांगेत उचललेला मेसेज तोवर फक्त लपलेला असतो, आणि सेटिंग बदललं नसेल तर ३० सेकंदच. तेवढ्यात पोच आली नाही, की तो पुन्हा दिसायला लागतो.

म्हणजे पैसे जमा झाल्यावर, पण पोच जाण्याआधी सर्व्हर कोसळला, तर दुसरा सर्व्हर तोच मेसेज उचलणार आणि ग्राहकाच्या खात्यात १७०० रुपये जाणार. यात रांगेची चूक नाही. मेसेज हरवण्यापेक्षा तो दोनदा दिलेला बरा, याच तत्त्वावर ती बांधली आहे.

म्हणून चाचणी नेमक्या त्याच फटीत करावी लागते. पैसे जमा झाल्याच्या नोंदीनंतर कोडमध्ये मुद्दाम थांबा ठेवायचा, तिथे प्रोसेस `kill -9` ने मारायची आणि ३० सेकंद उलटू द्यायचे. मग हिशेबाचं टेबल उघडायचं. तिथे ८५० ची एकच नोंद हवी. तोच मेसेज एकाच क्षणी दोन सर्व्हरना देऊनही पाहावं. 'आधी नोंद आहे का?' असं विचारून मग लिहिणारा कोड इथे हमखास फसतो, कारण दोघांनाही 'नाही' असंच उत्तर मिळतं. टेबलवर युनिक बंधन, म्हणजे एकच क्रमांक दोनदा लिहू न देणारा नियम, असेल तरच दुसरी नोंद अडते.

हे बंधन रांगेने दिलेल्या मेसेज क्रमांकावर मात्र घालू नये. उत्तर न आल्यामुळे पाठवणाऱ्याने मेसेज पुन्हा टाकला, तर त्याला नवा क्रमांक मिळतो. बंधन हवं परताव्याच्या क्रमांकावर. पैसे बाहेरच्या बँकेमार्फत जात असतील, तर हाच क्रमांक तिलाही द्यायला हवा, कारण आपल्या डेटाबेसचं बंधन तिथवर पोचत नाही. फिफो प्रकारची रांग दुबार प्रत स्वतः गाळते, पण ५ मिनिटांपुरतीच. त्यामुळे सहाव्या मिनिटाला पुन्हा पाठवून बघायचं.

फिफो रांग क्रमही पाळते, आणि तिथे खराब मेसेजची गाठ पडते. समजा 'ऑर्डर नोंदवा' या मेसेजमध्ये रकमेच्या जागी अक्षरं आली. तीन प्रयत्नांची मर्यादा असेल, तर साधारण दीड मिनिट त्या ऑर्डरचे पुढचे मेसेज खोळंबतात. मग खराब मेसेज डेड लेटर रांगेत, म्हणजे न जमलेले मेसेज बाजूला ठेवणाऱ्या वेगळ्या रांगेत जातो आणि मागचा 'रद्द करा' पुढे येतो. रद्द करायला ऑर्डरच नसते, म्हणून कोड तो सोडून देतो. दुसऱ्या दिवशी कुणी कोड दुरुस्त करून बाजूला पडलेला मेसेज परत सोडतं, आणि ग्राहकाने रद्द केलेली ऑर्डर घरी पोचते.

मेसेज डेड लेटर रांगेत गेला, एवढं पाहून बहुतेक चाचण्या थांबतात. मला ते अपुरं वाटतं. कोड सुधारून मेसेज परत सोडावा आणि ऑर्डर शेवटी 'रद्द' दिसते का, ते तपासावं. दिसत नसेल, तर अनोळखी ऑर्डरचं रद्दीकरणही नोंदून ठेवायला हवं, म्हणजे उशिरा आलेल्या 'नोंदवा'ला ते आधीच तिथे सापडेल.